पूर्णांकांतील आयडियल, मसावि आणि लसावि: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला संध्याकाळी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी बीजगणित शिकवते. रिंग आणि आयडियल हा भाग सुरू झाला की दरवर्षी त्याच शंका येतात, आणि बहुतेक शंकांचे मूळ एकच असते. मसावि आणि लसावि सगळ्यांनी शाळेत काढलेले असतात, पण आयडियलच्या बेरजेत आणि छेदात तेच लपले आहेत हे कुणी नीट दाखवलेले नसते. म्हणून मुलांनी विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरे इथे एकत्र लिहीत आहे. बहुतेक ठिकाणी ६० आणि ८४ हीच जोडी ठेवली आहे. वही जवळ घ्या आणि आकडे स्वतः करून पाहा.

(६०) असे कंसात लिहितात तेव्हा त्याचा अर्थ काय?

६० च्या सगळ्या पटींचा संच: …, −१२०, −६०, ०, ६०, १२०, १८०, … हा संच आयडियल आहे, कारण त्यातल्या कोणत्याही दोन संख्यांची बेरीज किंवा वजाबाकी केली तरी उत्तर संचातच राहते, आणि संचातल्या संख्येला बाहेरच्या कोणत्याही पूर्णांकाने गुणले तरी उत्तर संचातच येते. यातली दुसरी अट जास्त महत्त्वाची. बाहेरून कुणीही येऊन गुणावे, संख्या संच सोडून जात नाही.

पूर्णांकांतला प्रत्येक आयडियल असा एकाच संख्येच्या पटींचा असतो, हे कशावरून?

भागाकारावरून. आयडियल I मध्ये शून्याशिवाय काही असेल तर त्यात एखादी धन संख्या असतेच, कारण ऋण संख्या असली तर तिला −१ ने गुणता येते. त्यातली सगळ्यात लहान धन संख्या घ्या, तिला d म्हणू. आता I मधली कुठलीही संख्या n उचला आणि तिला d ने भागा: n = qd + r, आणि बाकी r ही ० ते d − १ यांच्यामधली. पण r = n − qd, म्हणजे r सुद्धा I मध्येच आहे. ती d पेक्षा लहान आहे आणि d तर सगळ्यात लहान धन संख्या होती, म्हणून r शून्यच असायला हवी. याचा अर्थ n ही d ची पट आहे.

पुढच्या सगळ्याचा पाया हाच परिच्छेद आहे. आयडियल दिसला की त्यातली सगळ्यात लहान धन संख्या शोधायची. ती सापडली की आयडियल सापडला.

(६०) + (८४) = (१४४) का नाही?

उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती का होते तेही समजण्यासारखे आहे. अधिकचे चिन्ह दिसले की हात आपोआप आकड्यांची बेरीज करतो. पण इथे अधिकचे चिन्ह संचांमध्ये आहे. पहिल्या संचातली कोणतीही एक संख्या आणि दुसऱ्या संचातली कोणतीही एक संख्या घेऊन बेरीज करायची, आणि अशा सगळ्या बेरजा गोळा करायच्या. म्हणजे ६०x + ८४y या रूपात लिहिता येणाऱ्या सगळ्या संख्या. x आणि y ऋणही असू शकतात, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

वर्गात मी हे तागडीने समजावते. मंडईत मसाल्याच्या दुकानात जुनी दोन पारड्यांची तागडी आहे असे समजा, आणि दुकानदाराकडे फक्त ६० ग्रॅमची आणि ८४ ग्रॅमची वजने आहेत, हवी तितकी. त्याला १२ ग्रॅम वेलची मोजून द्यायची आहे. एका पारड्यात त्याने ६० ची तीन वजने ठेवली, झाले १८०. दुसऱ्या पारड्यात ८४ ची दोन वजने ठेवली, झाले १६८, आणि त्यांच्याच बाजूला काटा सरळ होईपर्यंत वेलची टाकली. ती वेलची बरोबर १२ ग्रॅम. मालाच्या पारड्यात ठेवलेले वजन म्हणजे ऋण सहगुणक: ३ × ६० − २ × ८४ = १२.

आता त्याच तागडीवर २० ग्रॅम मोजता येईल का? कितीही वजने दोन्हीकडे मांडा, जमणार नाही. ६० आणि ८४ दोन्ही १२ च्या पटी आहेत, म्हणून ६०x + ८४y हीदेखील १२ ची पटच राहणार, आणि २० ही १२ ची पट नाही. उलट १२ जमले म्हणजे २४, ३६, ४८ सगळे जमले, तेच वजन-मांडणीचे दुप्पट, तिप्पट करून. तेव्हा या तागडीवर मोजता येणारी वजने म्हणजे नेमक्या १२ च्या पटी. (६०) + (८४) = (१२), आणि १२ हा ६० आणि ८४ चा मसावि.

३ आणि −२ हे आकडे सुचले कसे?

सुचले नाहीत, काढले. ८४ ला ६० ने भागा, बाकी २४. ६० ला २४ ने भागा, दोनदा जातो, बाकी १२. २४ ला १२ ने भागा, निःशेष भाग जातो. शेवटची शून्य नसलेली बाकी १२, तोच मसावि. आता उलटे चला. १२ = ६० − २ × २४, आणि २४ = ८४ − ६०. दुसरे पहिल्यात ठेवले की १२ = ६० − २ × (८४ − ६०) = ३ × ६० − २ × ८४.

लागोपाठ भागाकार करून मसावि काढण्याची रीत युक्लिडची म्हणून ओळखली जाते. पण भागत भागत आकडे बारीक करायचे आणि मग उलटे चढून x, y मिळवायचे, हीच कल्पना आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये दिलेल्या कुट्टकात आहे, आणि भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'तही कुट्टकाचे प्रकरण आहे. कुट्टक म्हणजे कुटणे, आकड्यांचे कूट करणे. प्रत्येक पायरीवर आकडे खरोखरच बारीक होत जातात, म्हणून मला ते नाव फार आवडते.

एक सावधगिरी बाळगा: x, y एकमेव नसतात. x मध्ये ७ मिळवा आणि y मधून ५ वजा करा, म्हणजे १० × ६० − ७ × ८४ = ६०० − ५८८ = १२. तुमचे उत्तर शेजाऱ्यापेक्षा वेगळे आले म्हणून खोडू नका. गुणून बघा, १२ आले तर दोघांचेही बरोबर.

दोन आयडियल नुसते एकत्र केले, म्हणजे संयोग घेतला, तर चालणार नाही का?

नाही. ८४ आणि ६० दोन्ही संयोगात आहेत, पण त्यांची वजाबाकी २४ ही ना ६० ची पट, ना ८४ ची. संयोग आयडियल राहत नाही. बेरीज म्हणजे संयोगात जे कमी पडते तेवढेच भरून तयार होणारा सगळ्यात लहान आयडियल. दोघांनाही पोटात घेणारा कोणताही आयडियल (n) घ्या. त्यात ६० आणि ८४ आहेत, म्हणून त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही आहेत, म्हणजे १२ आहे. तेव्हा n ने १२ ला भाग जातो, आणि (१२) हा (n) च्या आत बसतो.

मसावि लहान आकडा आहे, मग (१२) हा (६०) पेक्षा मोठा संच कसा?

इथे सगळे उलटे चालते. आकडा लहान झाला की त्याच्या पटी दाट होतात, म्हणून संच मोठा. (१) म्हणजे सगळे पूर्णांक, (१२) म्हणजे प्रत्येक बारावा, (६०) म्हणजे प्रत्येक साठावा. नियम एका वाक्यात असा: (a) हा (b) च्या आत असतो, तर आणि तरच b ने a ला निःशेष भाग जातो. "आत असणे" आणि "भाग जाणे" यांची सांगड पक्की झाली की बाकीचे घोकावे लागत नाही. दोन्ही आयडियलना सामावणारा सगळ्यात लहान आयडियल, म्हणजे दोन्हींना भागणारी सगळ्यात मोठी संख्या. महत्तम साधारण विभाजक या नावातला 'महत्तम' तिथूनच येतो.

छेद म्हणजे लसावि, हे कसे?

हे बेरजेपेक्षा पुष्कळच सोपे आहे. (६०) ∩ (८४) मध्ये असायचे तर संख्या ६० चीही पट हवी आणि ८४ चीही, म्हणजे दोघांची सामाईक विभाज्य हवी. अशी सगळ्यात लहान धन संख्या म्हणजे लसावि, आणि सगळ्यात लहान धन संख्या सापडली की आयडियल सापडतो, हे आपण वर पाहिलेच. (६०) ∩ (८४) = (४२०).

डोळ्यांसमोर चित्र हवे तर एकाच रस्त्यावरचे दोन सिग्नल घ्या. पहिला दर ६० सेकंदांनी हिरवा होतो, दुसरा दर ८४ सेकंदांनी, आणि आत्ता या क्षणी दोन्ही एकदम हिरवे झाले आहेत. पुन्हा एकदम कधी होतील? ४२० सेकंदांनी, म्हणजे बरोबर सात मिनिटांनी. तोवर पहिल्याच्या सात फेऱ्या झालेल्या असतात आणि दुसऱ्याच्या पाच.

मग गुणाकार कशाला वेगळा? ६० × ८४ सेकंदांनीही दोन्ही हिरवे होतीलच की.

होतील. ५०४० सेकंद, म्हणजे ८४ मिनिटे. पण तोवर ते आधीच अकरा वेळा एकदम हिरवे होऊन गेलेले असतील, आणि ५०४० सेकंदांची वेळ ही बारावी. (६०)(८४) = (५०४०) हा आयडियल (४२०) च्या आत आहे, पण त्याच्या प्रत्येक बारा पटींपैकी एकच त्यात येते.

गुणाकाराची व्याख्या जरा जपून वाचा. I आणि J हे दोन आयडियल असतील तर I मधली एक संख्या गुणिले J मधली एक संख्या, असे गुणाकार घ्यायचे आणि मग त्यांच्या सांत बेरजाही घ्यायच्या. पूर्णांकांत "त्यांच्या बेरजा" हे शब्द फुकट वाटतात, कारण ६०m × ८४n ही नेहमीच ५०४० ची पट असते आणि ५०४० ची प्रत्येक पट अशी मिळतेच, म्हणून बेरीज करून नवे काहीच येत नाही. त्यामुळे मुले ते शब्द गाळतात. पण ते शब्द तिथे कारणाने आहेत, शेवटच्या प्रश्नात ते कारण दिसेल.

गुणाकार आणि छेद यांच्यातला फरक नेमका १२ पटच का?

कारण मसावि × लसावि = दोन संख्यांचा गुणाकार, हे शाळेत पाठ केलेले सूत्र. १२ × ४२० = ५०४०. पण शाळेत आपण ते मूळ अवयव मांडून पडताळतो. आयडियलच्या भाषेत त्याची सिद्धता जास्त सुंदर आहे, आणि कोणती पायरी कशावर टेकली आहे तेही त्यात स्वच्छ दिसते.

दाखवायचे आहे (I + J)(I ∩ J) = IJ. डावीकडून उजवीकडे जाणे अगदी सरळ आहे. m हा छेदातला घ्या आणि i + j हा बेरजेतला. गुणाकार m(i + j) = mi + mj. पहिल्या पदात m ला J मधला समजा, i तर I मधला आहेच. दुसऱ्या पदात m ला I मधला समजा आणि j हा J मधला. दोन्ही पदे IJ मध्ये आली. m ला एकदा या घरचा आणि एकदा त्या घरचा मानता येते, कारण तो दोन्ही घरचा आहे. एवढीच युक्ती.

उजवीकडून डावीकडे येताना मात्र पूर्णांकांचा खास गुण लागतो. I = (a) आणि J = (b) घ्या, a आणि b चा मसावि d आणि लसावि m म्हणा. ab ला d ने भागले तर मिळणारी संख्या a × (b/d) आहे आणि b × (a/d) सुद्धा आहे, म्हणजे ती a आणि b दोघांची पट आहे. म्हणून m ने तिला भाग जातो, म्हणून dm ने ab ला भाग जातो, म्हणून ab हा (dm) मध्ये आहे. आपल्या जोडीत ५०४० भागिले १२ म्हणजे ४२०, आणि ते ६० × ७ ही आहे, ८४ × ५ ही. लक्षात घ्या, इथे आपण "d ने भागले" असे बिनधास्त म्हणालो. बेरजेचा आयडियल एकाच संख्येचा आहे म्हणूनच ते म्हणता आले.

गुणाकार आणि छेद सारखेच कधी येतात?

मसावि १ असेल तेव्हा, म्हणजे दोन संख्या सहमूळ असतील तेव्हा. (४)(९) = (३६) आणि (४) ∩ (९) = (३६). बेरीज इथे (१), सगळे पूर्णांक. शून्य नसलेल्या पूर्णांकांसाठी याच्या उलटही खरे: गुणाकार आणि छेद सारखे आले तर मसावि १ असलाच पाहिजे.

तीन संख्यांनाही मसावि × लसावि = गुणाकार लागू पडते का?

नाही, आणि इथे खूप जण फसतात. ६, १०, १५ घ्या. तिघांचा मसावि १ आहे, कारण ६ + १० − १५ = १. लसावि ३०. गुणाकार ९००. १ × ३० काही ९०० होत नाही. गंमत बघा, यातल्या कोणत्याही दोघांचा मसावि १ नाही: ६ आणि १० चा २, ६ आणि १५ चा ३, १० आणि १५ चा ५. बेरीज (६) + (१०) + (१५) = (१) आली म्हणून गुणाकार आणि छेद सारखे येतील असे नाही. त्यासाठी प्रत्येक जोडीची बेरीज (१) यायला हवी.

सूत्र मात्र दोन-दोन करत वापरता येते. आधी ६ आणि १० चा लसावि ३०, मग ३० आणि १५ चा लसावि ३०. बेरीज आणि छेद कितीही आयडियलचे घेता येतात आणि कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच येते. म्हणून मसावि-लसाविसुद्धा एकेक संख्या जोडत काढले तरी चालतात.

ऋण संख्या आणि शून्य यांचे काय?

(−६०) आणि (६०) एकच संच, म्हणून चिन्हाची चिंता नाही. मसावि-लसावि धन घ्यायचे. शून्याचे उत्तर आयडियलकडून आपोआप मिळते. (०) + (८४) = (८४), म्हणून ० आणि ८४ चा मसावि ८४. (०) ∩ (८४) = (०), म्हणून लसावि ०. आणि ० व ० चा मसावि ०, कारण (०) + (०) = (०). "शून्याला तर सगळ्याच संख्या भागतात, मग सगळ्यात मोठी कोणती?" हा वाद इथे उरत नाही.

याला 'आयडियल' हे नाव का पडले?

कुमर या जर्मन गणितज्ञाने १८४० च्या दशकात अशा काही संख्याव्यवस्थांवर काम केले जिथे मूळ अवयव पाडण्याची रीत एकमेव राहत नाही. ती दुरुस्त करायला त्याने 'आदर्श संख्या' कल्पिल्या, ज्या त्या व्यवस्थेत प्रत्यक्ष नसायच्या. १८७१ मध्ये डेडेकिंड यांनी ठरवले की ती न दिसणारी संख्या शोधत बसण्याऐवजी तिने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांचा संचच हातात घ्यायचा. पूर्णांकांत ती संख्या दिसते, म्हणून आपल्याला (१२) लिहून १२ कडे बोट दाखवता येते.

हे सगळे कोणत्याही रिंगमध्ये चालते का?

नाही. पूर्णांक सहगुणक असलेल्या x च्या बहुपदींची रिंग ℤ[x] घ्या, आणि त्यात I = (२), J = (x). छेद म्हणजे २ नेही भाग जाणाऱ्या आणि x नेही भाग जाणाऱ्या बहुपदी, म्हणजे (२x). गुणाकारही (२x). इथवर वाटते की २ आणि x सहमूळ आहेत, तेव्हा बेरीज (१) असेल. पण बेरजेतली प्रत्येक बहुपदी २f + xg अशी असते, आणि तिचे स्थिर पद नेहमी सम येते. १ त्यात येऊच शकत नाही. बेरीज (२, x) हा एकाच बहुपदीच्या पटींचा आयडियलही नाही: २ आणि x या दोघांनाही भागणारी बहुपदी १ किंवा −१ च असते, आणि त्या तर बेरजेत नाहीत.

आता सूत्र तपासा. (I + J)(I ∩ J) = (२, x)(२x) = (४x, २x²). IJ मात्र (२x) आहे. २x हा डावीकडच्या आयडियलमध्ये नाही, कारण तिथल्या प्रत्येक बहुपदीत x चा सहगुणक ४ ची पट असतो. डावी बाजू उजव्या बाजूच्या आत बसली, पण पुरी पडली नाही. "d ने भागले" असे जिथे बिनधास्त म्हणालो होतो, तीच पायरी इथे मिळत नाही, कारण भागायला एक d नाहीच.

आणि पूर्णांकांत फुकट वाटणारे "त्यांच्या बेरजा" हे शब्दही इथेच कामाला येतात. K = (२, x) घेऊन K चा K शी गुणाकार करा. २ × २ = ४ आणि x × x = x² दोन्ही त्यात आहेत, म्हणून x² + ४ ही त्यात हवी. पण x² + ४ चे पूर्णांक सहगुणकांच्या दोन बहुपदींत अवयव पाडायचे तर त्यातला एक अवयव १ किंवा −१ असावाच लागतो, आणि तो K मध्ये नाही. म्हणजे K मधल्या दोन बहुपदींचा एकच गुणाकार म्हणून x² + ४ कधीच मिळत नाही, ती मिळते ती दोन गुणाकारांच्या बेरजेतूनच. वर्गात हे उदाहरण फळ्यावर आले की व्याख्येतले ते दोन शब्द पुन्हा कुणी गाळत नाही.